हिमयुगाचा निकाल उन्हाळ्यात लागतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील हिमयुगांवरच्या लेखात ‘पृथ्वी सूर्यापासून दूर गेली की हिमयुग येते’ असे वाक्य आहे. हा समज जुना आहे, पण त्याने मूळ कारणच झाकले जाते. पृथ्वी आजही दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो! कक्षेच्या बदलांमुळे साऱ्या पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या उन्हाची बेरीज जेमतेम ०.२ टक्के इकडेतिकडे होते. तेवढ्याने हिमयुग येत नाही. बदलते ती उन्हाची वाटणी, म्हणजे कोणत्या अक्षांशाला कोणत्या महिन्यात किती ऊन पडते ते.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या जेम्स क्रॉल या शास्त्रज्ञाने हिमयुगाचे कारण सांगताना हिवाळ्यावर भर दिला होता. तिथेच त्याची गफलत झाली. ६५ अंश उत्तरेला हिवाळ्यात तापमान तसेही शून्याच्या बरेच खाली असते. ते आणखी चार अंश उतरले म्हणून बर्फ जास्त पडत नाही, उलट थंड हवेत बाष्प कमी मावते. खरा प्रश्न एवढाच, की पडलेला बर्फ पुढच्या उन्हाळ्यात पुरता वितळतो की थोडा शिल्लक राहतो. दरवर्षी वीतभर जरी उरला, तरी काही हजार वर्षांत त्याचा किलोमीटरभर जाडीचा थर होऊ शकतो. सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी हा मुद्दा पकडला आणि लाखो वर्षांमागच्या उन्हाळी उन्हाचे हिशेब हाताने मांडले.

एक उदाहरण पाहू. सुमारे १,२७,००० वर्षांपूर्वी कक्षा आजच्यापेक्षा बरीच लांबट होती. जवळच्या आणि दूरच्या टोकाला पडणाऱ्या उन्हात आज सात टक्क्यांच्या आसपास फरक असतो, तेव्हा तो साधारण १७ टक्के होता. शिवाय पृथ्वी सूर्याजवळ यायची ती नेमकी उत्तरेच्या उन्हाळ्यात, आणि आसाचा कलही २४ अंशांच्या घरात होता. तिन्ही गोष्टी जुळल्यामुळे ६५ अंश उत्तरेला जूनमध्ये दर चौरस मीटरला सरासरी ५४५ वॅटच्या आसपास ऊन मिळे. आज हाच आकडा ४८० च्या जवळपास आहे. त्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा काही मीटर वर होती.

पुढच्या ११,००० वर्षांत आसाच्या भोवऱ्यासारख्या डुलण्याने, म्हणजे परांचनाने, उत्तरेचा उन्हाळा कक्षेच्या दूरच्या टोकाला गेला. कलही साडेबावीस अंशांपर्यंत उतरला. जूनचे ऊन ४४० वॅटच्या आसपास आले. म्हणजे शतकामागे सरासरी एक वॅटची घट, कोणत्याही पिढीच्या लक्षात न येणारी. मग कॅनडाच्या ईशान्य भागातल्या पठारांवर उन्हाळ्यानंतरही बर्फ राहू लागला. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, त्याने उन्हाळा आणखी गार होतो, आणि शेवटच्या हिमयुगाची सुरुवात झाली.

परांचनाने उत्तरेला जे मिळते ते दक्षिणेचे जाते, मग पारडे उत्तरेकडेच का झुकते? कारण ६५ अंश उत्तरेला हिमस्तर पसरायला जमीन आहे. दक्षिणेत त्याच अक्षांशाला बहुतेक समुद्रच आहे.

याचा पुरावा समुद्रतळाच्या गाळात सापडला. हलका ऑक्सिजन असलेले पाणी जास्त सहज वाफ होऊन जमिनीवरच्या बर्फात अडकते, तेव्हा समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि ते सूक्ष्म जीवांच्या कवचांत नोंदले जाते. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील गाळाच्या नमुन्यांत कलाची सुमारे ४१,००० वर्षांची आणि परांचनाची २३,००० व १९,००० वर्षांची लय दाखवली.

सगळे कोडे मात्र सुटलेले नाही. त्याच गाळात सर्वांत ठळक दिसते ती एक लाख वर्षांची लय. कक्षेचा लांबटपणाही साधारण तेवढ्याच काळात बदलतो, पण त्याचा थेट परिणाम नगण्य. साधारण दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे ४१,००० वर्षांनी येत, नंतर ती लांबली. हिमस्तर फार मोठे झाले की त्यांच्या भाराने खालची जमीन खचते, माथा खालच्या उबदार हवेत येतो आणि वितळण्याचा वेग वाढतो. बर्फ साचायला ऐंशी-नव्वद हजार वर्षे आणि वितळायला दहा हजार, याचा काही उलगडा त्यातून होतो. कार्बन डायऑक्साइडचाही वाटा आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो हिमयुगाच्या भरात १८० आणि उबदार काळात २८० भाग असे. आज तो ४२० च्या पुढे आहे.

लेखाच्या शेवटी सध्याची तापमानवाढ याच चक्रात बसवली आहे. तिथे तर चिन्हच उलटे पडते, कारण या चक्राने पृथ्वी हळूहळू गारच व्हायला हवी. उत्तरेचे उन्हाळी ऊन गेली सुमारे दहा हजार वर्षे घटत आले आहे आणि आसाचा कलही अजून कमीच होतो आहे.

आपला,
एक वाचक