‘मग’ खोडल्यावर काय उरतं?

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरच्या तुझ्या निबंधाचा मसुदा काल वाशीला जाताना गाडीत वाचला. ऐरोलीला हामिद जत्रेत पोचला होता, कोपरखैरण्याला त्याने खेळण्यांऐवजी आजीसाठी चिमटा विकत घेतला, तुर्भे आलं तेव्हा त्याची आजी अमीना रडत होती. गोष्ट पूर्ण झाली होती, पण मीराला त्या गोष्टीबद्दल काय वाटतं ते मला कुठेच सापडलं नाही.

परतताना पेन्सिल काढली आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो परिच्छेद काय म्हणतो ते एका ओळीत लिहायला घेतलं. नऊपैकी सात ठिकाणी माझी ओळ ‘मग’ने सुरू झाली. मग ते निघाले, मग नमाज झाली, मग मित्रांनी खेळणी घेतली. परिच्छेदांचा क्रम प्रेमचंदांनी ठरवलेला आहे, तुझ्या म्हणण्याने ठरलेला नाही. मसुदा गोष्ट सांगतोय की मुद्दा मांडतोय, हे ओळखायला मी वर्गातही हीच खूण वापरते.

शेवटी तू लिहिलंस, ‘यातून हामिदचा त्याग दिसतो.’ हे खरं आहे, पण ते कथेतच उघड म्हटलंय. जे कथा स्वतःच सांगते ते सिद्ध करायला निबंध लागत नाही. कथा वाचलेला माणूस ‘मला नाही तसं वाटत’ म्हणू शकेल, असं काहीतरी हवं.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आई, गरिबीने त्या पोराला अकाली म्हातारं केलं गं.’ ते मसुद्यात का नाही? तिथूनच सुरुवात कर. पुरावा तुझ्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे, तू त्यावरून नुसती पुढे गेलीस. जत्रेला निघताना चार-पाच वर्षांचा हामिदच आजीला धीर देतो, घाबरू नकोस अम्मा, मी सगळ्यांच्या आधी येईन. म्हणजे चिमटा घ्यायच्या कितीतरी आधी भूमिका उलटल्या आहेत.

आता स्वतःलाच अडवून बघ. तो खरंच म्हातारा झाला असेल, तर परतीच्या वाटेवरचं भांडण कशाला? खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, असं म्हणत तो मित्रांच्या सगळ्या खेळण्यांवर मात करतो. हे अस्सल पोरपण आहे. तुझ्या म्हणण्याला हा प्रसंग आडवा येतो, म्हणून तो गाळायचा मोह होईल. गाळू नकोस, त्याच्यामुळे म्हणणं दुरुस्त कर. शेवटाकडे प्रेमचंदांनी वापरलेला शब्द बघ. लहान हामिदने म्हाताऱ्या हामिदचा ‘पार्ट’ केला, असं ते म्हणतात. म्हातारा झाला, असं म्हणत नाहीत. मग मुद्दा असा होतो: हामिद मोठा होत नाही, आजीसाठी मोठ्याचं काम निभावतो, आणि आतलं मूल तसंच राहतं. यावर कुणी तुझ्याशी वाद घालू शकेल, आणि तुला उत्तरही देता येईल.

हे हाताशी आलं की जुनी वाक्यं कशी बदलतात ते बघ. तू लिहिलं होतंस, ‘दुकानदाराने आधी सहा व मग पाच पैसे सांगितले. शेवटी चिमटा तीन पैशांना मिळाला.’ मी असं लिहीन: ‘सहा पैसे ऐकून हामिद खट्टू होतो. पाचावर आल्यावरही मन घट्ट करून तीन पैसे म्हणतो आणि चालू लागतो. बघणाऱ्याला ही मुरलेल्या गिऱ्हाइकाची घासाघीस वाटेल. पण तो चालू लागतो ते दुकानदाराचं ओरडणं ऐकायला लागू नये म्हणून. रीत मोठ्याची आहे, भीती लहान मुलाची.’ प्रसंग तोच आहे, आकडेही तेच आहेत. फरक इतकाच की आता प्रत्येक तपशील कशासाठी तरी आलाय.

क्रमही बदल. ‘पार्ट’च्या वाक्याने सुरुवात कर, मग निरोपाचा प्रसंग, मग घासाघीस, मग भांडण. ईदच्या सकाळचं वर्णन दोन ओळींत आण. नमाजाच्या रांगांवरचा तुझा परिच्छेद सुंदर आहे, मला तो दोनदा वाचावासा वाटला. पण या मुद्द्याला त्याचा उपयोग नाही, तेव्हा तो काढावा लागेल. वेगळ्या कागदावर जपून ठेव.

एक वाक्य मात्र तुझ्या मसुद्यात आलंच नाही. अमीना पदर पसरून दुवा देत रडते, आणि हामिदला त्यामागचं मर्म काय कळणार, असं म्हणून कथा थांबते. बहुतेक मुलं अश्रूंपाशीच थांबतात, तूही थांबलीस. त्या ओळीचं काय करायचं ते मी सांगणार नाही. ती पुन्हा वाच, मुद्द्याशेजारी ठेव, आणि गुरुवारी रात्री मला फोन कर.

तुझी,
आई