मृणालला पत्र

फोंडा,
१२ नोव्हेंबर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू "लग्नाच्या दिवशी सकाळी पोहोचेन" एवढेच म्हणालीस आणि मी "बरे" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. केतकीचे लग्न तुझ्याआधी होते आहे याचे तुला वाईट वाटते का, हे मी विचारणार नाही, कारण तू "नाही" म्हणशील आणि मला ते खरे की खोटे कळणार नाही. पण आदल्या दिवशी चुड्याला तू नसशील, हे मला सोसवत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी माडीवरच्या आत्तीने सर्वांदेखत विचारले, "थोरलेचें केन्ना?" मी उत्तर दिले की तिची पीएच.डी. पूर्ण व्हायची आहे. आत्तीने विचारले, कधी होणार? मी म्हटले, दोन वर्षांत. तेव्हा वय किती होईल, हा पुढचा प्रश्न. मग पत्रिकेत काही दोष आहे का, आणि शेवटी मडगावचे एक स्थळ. मी एकेक कारण देत गेलो आणि प्रत्येक कारणातून नवा प्रश्न निघत गेला. तू तेव्हा दारात पानांचे तबक घेऊन उभी होतीस. आत्तीच्या बोलण्याने तू दुखावली नसशील. ती सगळ्यांनाच बोलते. तुझा बाप तुझ्या वतीने सफाई देत होता, जणू तुझ्या हातून काही चुकले आहे, ते तुला लागले असावे. त्या सफाईबद्दल मी तुझी मनापासून क्षमा मागतो.

आता घरात आम्ही ठरवले आहे की कोणीही विचारले तरी आई, मी आणि केतकी एकच वाक्य बोलायचे: "केतकीचे ठरले, आम्हांला आनंद आहे." त्यापुढे तुझे शिक्षण, तुझी इच्छा, तुझे वय यांतले काहीही सांगायचे नाही. गेल्या आठवड्यात मामींवर आईने हे करून पाहिले. मामी दोनदा फिरून त्याच प्रश्नावर आल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनी जेवणाचा बेत विचारला.

तुझ्या काकांनी तर परिवेत्ता हा शब्द काढला. मी पुस्तक उघडून त्यांना दाखवले की मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तो शब्द थोरल्याआधी लग्न करणाऱ्या धाकट्या भावासाठी आला आहे. काका गप्प झाले आणि मला जिंकल्यासारखे वाटले. मग लक्षात आले की तुला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली गेली, तीही लिहितो. केतकीचे ठरत होते तेव्हा "मृणालला वाईट वाटेल" म्हणून आम्ही तुला पाच आठवडे सांगितले नाही आणि तुला ते चुलतबहिणीच्या संदेशावरून कळले. केतकी रोज म्हणायची, ताईला मी सांगते. आम्हीच तिला अडवले. तिच्यावर रागावू नकोस. चवथीला तू स्टुलावर चढून माटोळी बांधायचीस आणि ती खाली कांगलां हातात घेऊन उभी राहायची. दुसऱ्या कोणी मागितली तर द्यायची नाही. यंदा तू नव्हतीस तेव्हा माटोळी मी बांधली आणि ती म्हणाली, एका बाजूला कलली आहे. खरोखरच कलली होती.

पण बहिणीने मोठ्या मनाने, पुढे होऊन, हसतमुखाने... हे मी पुन्हा व्याख्यान देऊ लागलो. शाळेची सवय सुटत नाही, क्षमा कर. तुला हसतमुख राहावेच लागेल असे नाही.

आत्ती म्हणते करवली तूच व्हावेस. मी तिला काहीच कळवलेले नाही. तुला हौस असेल तर हो, नको असेल तर मामाची धाकटी तयार आहे, आणि कारण कोणालाही सांगावे लागणार नाही. केतकीची मात्र स्वतःची एक मागणी आहे: निबंधकाच्या कार्यालयात दुसऱ्या सहीच्या वेळी साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. पहिल्या सहीला मी तिच्यासोबत होतो, तेव्हा बाहेर पडताना तिने हेच सांगितले. ती तुला स्वतः विचारणार आहे. मी आधीच बोलून गेलो हे तिला सांगू नकोस.

आजीच्या पाटल्या तुझ्याच आहेत. त्या तुझ्या लग्नाची वाट पाहत कपाटात राहणार नाहीत. आलीस की घेऊन जा.

चुडा मामाकडे संध्याकाळी चार वाजता आहे. केतकीला चुडा भरल्यावर घरातल्या सगळ्या बायका बांगड्या भरतात, म्हणून कासाराने सर्वांची मापे मागितली आहेत. आईला तुझे माप पाठ आहे, पण मी तिला ते अजून देऊ दिलेले नाही. बांगड्या भरायच्या की नुसते जवळ बसायचे, हे तू कळव.

तुझा,
बाबा