बाबा, चाळीस पैशांना होकार कळवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही इतक्या उत्साहाने त्या कामाबद्दल सांगत होतात की मला मध्येच तोडवेना. रात्री तुम्ही पाठवलेला निरोप मात्र मी दोनदा वाचला. शेतीच्या प्रशिक्षणाची इंग्रजी पुस्तिका, ६०,००० शब्द, वीस दिवसांची मुदत, शब्दाला ४० पैसे, आणि आधी १,५०० रुपये नोंदणी. तुम्ही हिशेब केलात चोवीस हजारांचा. तो तसा येणार नाही. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहिते आहे.

त्यांच्या निरोपात एक बारीक ओळ आहे : 'मोबदला भाषांतरित शब्दसंख्येनुसार.' म्हणजे ते इंग्रजी शब्द मोजणार नाहीत, तुम्ही लिहिलेले मराठी शब्द मोजणार. इंग्रजीत 'इन द बँक अकाउंट ऑफ द फार्मर' लिहायला सात शब्द लागतात. आपण 'शेतकऱ्याच्या बँक खात्यात' असं तीन शब्दांत लिहून मोकळे होतो, कारण आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, आणि 'द' तर आपल्याकडे नाहीच. सगळी वाक्यं इतकी आटत नाहीत, पण माझ्या कामात हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण साडेसातशे ते साडेआठशे होतात. साडेसातशे धरले तर तुमच्या ६०,०००चे ४५,००० होतील आणि चोवीस हजारांचे अठरा. जितकं आटोपशीर, चांगलं मराठी लिहाल तितके पैसे कमी. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना मी नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर दर ठरवते. मराठीतून इंग्रजीत जाताना याच्या उलट होतं, शब्द फुगतात. तेव्हाही मी मूळ मजकूरच धरते, पण त्या फुगवट्याचा विचार करून दर वाढवते. कुठली बाजू मोजणार हे कळल्याशिवाय दर चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

आता वेळ बघा. संज्ञा शोधून, लिहून, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून माझे दिवसाला २,००० इंग्रजी शब्द होतात, सहा-सात तास बसून. त्या वेगाने ६०,०००ला तीस दिवस लागतात. वीस दिवसांत संपवायचं तर रोज ३,००० आणि एकही सुट्टी नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याला तीन महिनेसुद्धा झालेले नसताना. तीस दिवस, रोज सात तास म्हणजे २१० तास. अठरा हजार भागिले २१० केले की तासाला ८६ रुपये येतात. जिल्हा परिषदेत तुम्ही ज्या काळजीने परिपत्रकं लिहिलीत, त्या काळजीची ही किंमत मला मान्य नाही.

आणि नोंदणीचे पैसे तर देऊच नका. काम देणारा कधीही भाषांतरकाराकडून पैसे घेत नाही. तो नमुना मागतो, तोही दोन-तीनशे शब्दांचा. पुस्तिकेचं एक अख्खं प्रकरण 'चाचणी' म्हणून मागितलं तर समजायचं की दहा जणांकडून दहा प्रकरणं फुकट करून घेतली जात आहेत. खरं काम देणारा मूळ फाइल आधी दाखवतो आणि दर, शब्दसंख्या, मुदत, पैसे किती दिवसांत देणार हे एका लेखी मागणीपत्रात घालतो. तुम्हाला यांनी फाइल दाखवलेली नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका संस्थेच्या तोंडी आश्वासनावर मी ११,००० शब्द करून दिले होते, साठ पैशांनी. ते ६,६०० रुपये आजपर्यंत आलेले नाहीत. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, मग योग्य दर ठरवायचा कसा? मी माझ्या गरजेपासून सुरुवात केली. मला महिन्याला ४५,००० हवे होते. काम मात्र रोज नसतं. शोधाशोध, बिलं, पैशांसाठी फोन यांत दिवस जातात, म्हणून भाषांतराचे खरे दिवस पंधराच धरले. पंधरा दिवसांचे ३०,००० शब्द. म्हणजे दीड रुपयाच्या खाली गेले की माझं घर चालत नाही. नव्या माणसाला मी १ रुपया ८० पैसे सांगते, म्हणजे घासाघीस झाली तरी दीडवर थांबता येतं. औषधांची माहितीपत्रकं किंवा करारनामे असतील तर जास्त, कारण तिथे एका संज्ञेवर अर्धा तास जातो.

कामं येतात कुठून, हे आईला नेहमी कोडं असतं. काही ProZ.com या भाषांतरकारांच्या संकेतस्थळावरच्या माझ्या नोंदीमुळे येतात. तिथे कुठली एजन्सी पैसे वेळेवर देते याचे भाषांतरकारांनी दिलेले अभिप्रायही बघता येतात आणि ते बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही. पण बरी कामं पुण्यातल्या संस्थांना आणि प्रकाशकांना मी स्वतः पत्र लिहून मिळाली, सोबत शेतीच्या एका पानाचं भाषांतर जोडून. 'सर्व विषय' लिहिणाऱ्यापेक्षा एक विषय सांगणाऱ्याला लवकर बोलावतात. आई, तू म्हणतेस त्या पडद्याखालच्या पट्ट्यांचे, म्हणजे सबटायटल्सचे, पैसे मात्र बहुधा शब्दावर नसतात, चित्रफितीच्या मिनिटावर असतात. दोनच ओळी, त्या पडद्यावर असेपर्यंत वाचून झाल्या पाहिजेत, त्यामुळे काय गाळायचं हे ठरवण्यातच वेळ जातो.

बाबा, आता माझी विनंती. तुम्हाला भाषांतरापेक्षा संपादन जास्त जमेल असं मला मनापासून वाटतं. दर कमी असतो, मी ५० पैसे देते, पण चांगलं भाषांतर असेल तर तासाला हजार शब्द तपासून होतात, म्हणजे तासाचे ५०० रुपये. वाईट असेल तर तीनशेही होत नाहीत आणि तासाचे दीडशे रुपयेही सुटत नाहीत. म्हणून हो म्हणण्याआधी सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन पानं वाचायची. पहिलं पान सगळेच नीट करतात. थकवा मधे दिसतो : 'च्या द्वारे' वाढतं, 'केले जाते' प्रत्येक वाक्यात येतं, एकाच वस्तूला दोन नावं पडतात.

माझ्याकडे ठिबक सिंचनाची एक पुस्तिका आली आहे, ६,००० शब्द. भाषांतर माझंच आहे, त्यामुळे मला त्यातल्या चुका आता दिसत नाहीत. 'मल्चिंग'ला मी शासकीय कोशाप्रमाणे 'आच्छादन' लिहिलंय, पण आपल्याकडे दुकानात सगळे 'मल्चिंग पेपर'च मागतात. तिथे काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा. मजकूर युनिकोडमध्ये आहे. तुमचा रेमिंग्टनचा हात आहे, तो कळफलक लॅपटॉपवर मी गणपतीतच टाकून ठेवलाय. फाइल उद्या पाठवते, आठवडाभरात झाली तरी चालेल, रोज दोन तासांच्या वर बसू नका. आधी तीन पानं वाचा, आणि ५० पैसे कमी वाटले तर तसं सांगा.

त्या माणसांना मात्र नाही म्हणून कळवा. आई, तू शेजारी बसून कळवून घे. आणि डोळ्यांचे थेंब वेळेवर घालतात ना, तेही बघ.

तुमची,
मेघा