अंगठ्यावर चालणाऱ्या बचत खात्यातून पैसे नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. शाखाधिकारी,
तासगाव शाखा, जि. सांगली

विषय: अंगठा लावणाऱ्या ज्येष्ठ खातेदाराला पैसे काढू न देणे

महोदय,

माझ्या आईचे आपल्या शाखेत बचत खाते आहे. अर्धांगवायूमुळे तिचा उजवा हात कामातून गेला आहे. बायकांचा उजवा आणि पुरुषांचा डावा अंगठा घ्यायचा, अशी चाल असली तरी खाते उघडताना तेव्हाच्या साहेबांनी तिची अवस्था बघून डावा घेतला. योग्यच केले. फक्त ठसा कोणत्या हाताचा आणि तोच का घेतला, एवढे नमुना कार्डावर लिहायचे राहिले.

मागच्या आठवड्यात औषधांसाठी ३,००० रुपये काढायला आईला रिक्षाने आणले. पासबुकावर तिचा फोटो आहे, ती समोर बसलेली. स्लिपवर डावा अंगठा उठवला, तर काउंटरवरचे म्हणाले, "बाईमाणसाचा उजवा लागतो." मी हात दाखवला. त्यांनी तिची आवळलेली मूठ धरून उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा आई कळवळली. मग म्हणाले, "ठसा जुळत नाही, ओळखीचे दोन खातेदार घेऊन या, नाहीतर मुलाचे नाव खात्याला जोडा." आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

साहेब, सही नजरेने ताडून बघता येते, अंगठा तसा काउंटरवर जुळवता येत नाही; शाई जास्त लागली की रेघाच दिसत नाहीत. म्हणून तर फोटो आणि साक्षीदार असतात. आजारी, वृद्ध खातेदाराच्या अंगठ्याबाबत रिझर्व्ह बँकेची सूचना अशी की ओळख पटवायला बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा. म्हणजे बाहेरचा एकच माणूस लागतो. आमचे शेजारी, आपलेच जुने खातेदार, त्या दिवशी सोबत होते. दुसरी सही आपल्या अधिकाऱ्याने करायची होती. ती का केली नाही, याचे उत्तर हवे आहे.

नाव जोडायचे म्हणाल, तर ते आईला नको आहे. पैसे तिचे, खाते तिचे. तिच्या या म्हणण्याला माझीही हरकत नाही.

तरी नमुना कार्डावर 'डावा अंगठा, उजवा हात निकामी' अशी नोंद अधिकाऱ्याच्या सहीने करावी. वारस नोंदणीचा फॉर्मही काढून बघावा. अंगठा असेल तर त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आमच्या पोचपावतीवर एकच दिसते. तो पुन्हा भरून घ्या, आणि भरताना आईला मराठीत वाचून दाखवा. तिला अक्षरे दिसत नाहीत, ऐकू मात्र स्वच्छ येते.

या अर्जाची पोच शिक्क्यासह द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन.

आपला,
खातेदाराचा मुलगा
(सोबत: पासबुकाची व वारस नोंदणीच्या पोचपावतीची झेरॉक्स)