बाई, तुम्ही 'घाबरू नका' म्हणाला नाहीत

आदरणीय बाई,

सा.न.वि.वि.

लेकीचा भूमितीचा पेपर होऊन चार दिवस झाले. निकाल लागायला अवकाश आहे, आणि तो लागायच्या आत हे पत्र लिहायचं असं मी ठरवलं होतं. नंतर लिहिलं तर ते मार्कांचे आभार होतील, आणि मला आभार मानायचेत ते फेब्रुवारीतल्या त्या शनिवारचे.

हॉल तिकीट घ्यायला पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी हॉलच्या मागच्या बाकावर बसले होते. खरं सांगते, फार आशा नव्हती. अशी भाषणं मी माझ्या दहावीपासून ऐकत आलेय. आधी 'घाबरू नका', लगेच 'शाळेची परंपरा', मग मागच्या वर्षीच्या पहिल्या तिघांची नावं. ऐकणाऱ्या मुलांच्या पोटात आणखी एक गोळा.

तुम्ही फळ्याशी गेलात आणि विचारलंत, "बोर्ड म्हणजे कोण?" कुणी बोलेना. मग तुम्हीच म्हणालात, "आघारकर संस्थेच्या मागे, भांबुर्ड्यात एक कचेरी आहे. तिथे तुमच्या वाइटावर कुणी बसलेलं नाही. पेपर तपासतात ते आपल्या गणिताच्या सरांसारखे शिक्षकच." सगळी मुलं सरांकडे बघायला लागली आणि सर उगाचच चष्मा पुसायला लागले. पहिलं हसू तिथे फुटलं.

मग तुम्ही फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिलेत : 40 आणि 120. भूमितीचा पेपर चाळीस मार्कांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला नऊ. "नऊची बारा झाली आणि उत्तर पुढे सरकत नाही, तर अर्धं पान कोरं सोडा आणि पुढे जा. जागा पुरली नाही तर उरलेलं शेवटी लिहा, फक्त प्रश्न क्रमांक ठळक घाला. आता पेपर अकराला हातात येतो आणि शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात. ती दहा मिनिटं त्या कोऱ्या पानाची."

बाई, हे तुम्ही कुणासाठी बोलत होतात ते हॉलमधल्या तिघींनाच माहीत होतं : तुम्हाला, लेकीला आणि मला. प्रिलिममध्ये प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची सिद्धता तिला अर्ध्यात आठवेना. घरी तोंडपाठ होती. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. त्यात चाळीस मिनिटं गेली, म्हणजे तुमच्या हिशेबाने तेरा मार्कांचा वेळ. शेवटचे दोन प्रश्न, जे तिला येत होते, ते राहिले. तुम्ही तिचं नाव घेतलं नाहीत, 'मागच्या महिन्यात एकीचं' असंही म्हणाला नाहीत. नुसतं गणित मांडलंत. तिने बाकाखाली माझा हात धरला.

डोकं कोरं का पडतं, तेही तुम्ही सांगितलंत. छाती धडधडते, हात गार पडतात, कारण शरीर पळायच्या तयारीला लागलेलं असतं. आणि प्रमेयाच्या पायऱ्या मनात मांडायला जी जागा लागते, तीच 'आता काय होणार'ने अडवलेली असते. प्रमेय कुठे गेलेलं नसतं. म्हणून पेन खाली ठेवायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा, पाच-सहा वेळा. मग सोप्या प्रश्नांकडे वळायचं. पहिल्या प्रश्नाचे आठ मार्क पर्यायांचे आणि एकेका मार्काचे, आणि दुसऱ्यातल्या चौकटी भरायच्या कृतींचे चार. हात चालू झाला की बाकीचं आठवायला लागतं. तरी नाहीच आठवलं तर आकृती काढा, पक्ष आणि साध्य लिहा, कारण मार्क पायऱ्यांना असतात. कोऱ्या पानाला तपासनीस इच्छा असूनही काही देऊ शकत नाही.

पुढचं बोलताना आमच्यातले काही पालक चुळबुळले, ते तुम्हीही पाहिलंत. नापास झालं तर काय, हे तुम्ही परीक्षेच्या आधी सांगितलंत! एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, मार्कांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते. माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "हे कशाला सांगायचं? पोरं ढिली पडतात." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण घरी गेल्यावर लेकीने दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून भूमितीचं पुस्तक काढलं. पुढे दरी आहे असं वाटत होतं तोवर तिला त्या पुस्तकाकडे बघवतही नव्हतं.

आणि भीती वेगळी, दुखणं वेगळं, हेही तुम्ही बजावलंत. पेपरच्या सकाळी पोट दुखणं ही भीती. पण लागोपाठ कितीतरी रात्री झोप नाही, अन्न जात नाही, 'मी नसलेलीच बरी' असं मनात येतंय, तर परीक्षा संपायची वाट बघू नका, आजच घरी किंवा मला सांगा, म्हणालात. फळ्यावर टेलि-मानसचा 14416 लिहिलात आणि तो शेवटपर्यंत पुसू दिला नाहीत.

आम्हा पालकांना मात्र तुम्ही एकच वाक्य ऐकवलंत : "गेटवर प्रश्नपत्रिका हातात घेऊ नका." मी मान खाली घातली. प्रिलिमला मी नेमकं तेच केलं होतं. स्कूटरच्या सीटवर पेपर ठेवून, पेन्सिलने खुणा करत, "हा सोडवलास? हा का नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी म्हणाले, "आता रडून काय उपयोग?" ते वाक्य अजून टोचतं.

तुमच्या भाषणाने सगळं जादूसारखं गेलं असं नाही हं. मराठीच्या पेपरला, पहिल्याच दिवशी, तिला घरून निघताना उलटी झाली. आम्ही तुमच्या सांगण्यावरून आदल्या दिवशी केंद्र बघून आलो होतो, म्हणून तोंड धुऊन, लिंबूपाणी पिऊन, रिक्षाने साडेदहाच्या आत पोचता आलं. नाहीतर नव्या शाळेचं मागचं गेट शोधण्यात आमचे दोघींचे प्राण कंठाशी आले असते.

भूमितीच्या दिवशी मी गेटबाहेर रसवंतीपाशी उभी होते. ती बाहेर आली. मी प्रश्नपत्रिकेकडे बघायचं नाही असं इतकं ठरवलं होतं की रसाच्या ग्लासाकडेच बघत राहिले. "आलं घालून की बिनआल्याचा?" विचारलं. तिने अर्धा ग्लास संपवला आणि स्वतःच म्हणाली, "एक प्रश्न अडला होता. अर्धं पान सोडलं. शेवटच्या दहा मिनिटांत गेले परत." मग थांबून, "पूर्ण नाही झाला. पण आकृती काढली, चार पायऱ्या लिहिल्या. आणि रचनेच्या खुणा पुसल्या नाहीत मी, बाईंना सांग."

म्हणून सांगते आहे.

तुमची,
दहावीतल्या एका मुलीची आई
कोथरूड, पुणे