खोटी रोकड आणि तिच्यामुळे आलेले नियम

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की आपल्या वाणिज्य पानावर कंपनी सुशासनाची टिपणं येतात. स्वतंत्र संचालक किती असावेत, लेखापरीक्षा समितीत कोण बसतं, लेखापरीक्षक किती वर्षांनी बदलावा, हे सगळं त्यात नेमकं दिलेलं असतं. पण हा नियम नव्हता तेव्हा हिशेबाच्या वहीत काय चालायचं, हे विद्यार्थ्याला त्यातून समजत नाही. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणून ही उणीव मला फार जाणवते. नियमासोबत त्याला कारण ठरलेली खोटी नोंदही छापावी, अशी माझी विनंती आहे. ती कशी मांडता येईल हे दाखवण्यासाठी घोटाळ्याचा एकच प्रकार इथे घेतो: ताळेबंदात दिसणारी, पण बँकेत नसलेली रोकड. हा प्रकार वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा घडला आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतो, कारण नाव आलं की माणसं लक्षात राहतात आणि नोंद विसरली जाते.

समजा, एका कंपनीची खरी विक्री 100 कोटींची आणि खरा नफा 10 कोटींचा आहे. गुंतवणूकदारांची अपेक्षा त्याहून मोठी आहे. वर्षअखेरीला वरिष्ठांपैकी कोणीतरी 10 कोटींची बनावट बिलं तयार करून घेतो. नोंद अगदी साधी असते: ऋणको खाते नावे 10, विक्री खाते जमा 10. माल गेलेलाच नाही, त्यामुळे त्याच्यासमोर खर्चही नाही. कर बाजूला ठेवला तर हे 10 कोटी जसेच्या तसे नफ्यात उतरतात. विक्री दहा टक्क्यांनीच फुगते, नफा मात्र दुप्पट होऊन 20 कोटींवर जातो.

दुसऱ्या वर्षी खरी विक्री पुन्हा 100 कोटींचीच झाली, तर नफा 20 वर टिकवायलाच पुन्हा 10 कोटींची बनावट विक्री लागते आणि वाढ दाखवायची असेल तर 20 कोटींची. घोटाळा वर्षागणिक मोठा का होतो, हे इथेच कळतं. यात हावरटपणा असतोच, पण तो नसला तरी गणित थांबू देत नाही.

आता ऋणकोंकडे पाहू. खरे ग्राहक सुमारे तीन महिन्यांत पैसे देतात, म्हणून खरी येणी 25 कोटींच्या आसपास असतात. पहिल्या वर्षी त्यांत 10 कोटींची बनावट येणी मिसळली की येणी 35 आणि दाखवलेली विक्री 110, म्हणजे वसुलीचा काळ 116 दिवस होतो. दुसऱ्या वर्षी येणी 55, विक्री 120 आणि काळ 167 दिवस. एवढी वाढ कोणताही विश्लेषक हेरेल. बनावट ग्राहक पैसे देणार नाहीत, हे तर उघडच आहे. म्हणून दुसरी नोंद येते: बँक खाते नावे 30, ऋणको खाते जमा 30.

विद्यार्थ्यांनी या नोंदीपाशी थांबायला हवं. तिच्यामुळे येणी पुन्हा 25 कोटींवर येतात आणि वसुलीचा काळ 76 दिवसांवर, म्हणजे प्रामाणिक हिशेबापेक्षाही चांगला. शिवाय रोख प्रवाह पत्रकात परिचालनातून आलेली रोकड भरघोस दिसते. ‘नफा खरा आहे का, हे रोख प्रवाहाशी ताडून पाहा’ असं आपण वर्गात शिकवतो. इथे ती कसोटीच निकामी होते, कारण खोटा नफा आता खोट्या रोकडीच्या रूपात दिसतो आहे. उरतो तो एकच प्रश्न: हे 30 कोटी बँकेत आहेत का?

त्याचं उत्तर शोधण्याची पद्धत फार जुनी आहे. लेखापरीक्षक बँकेला पत्र लिहून शिल्लक विचारतो. आंतरराष्ट्रीय आणि भारतीय, दोन्ही लेखापरीक्षण मानकांत याचा क्रमांक 505 आहे. त्याचा गाभा असा की हे पत्र पूर्णपणे लेखापरीक्षकाच्या ताब्यात राहिलं पाहिजे. कोणाला लिहायचं हे तो ठरवतो, पत्ता तो पडताळतो, पत्र तो पाठवतो आणि उत्तर थेट त्याच्याकडे येतं. मधे कंपनीचा माणूस आला की पुराव्याची किंमत घसरते, कारण ज्याला मुदत ठेवीची पावती बनावट करता येते त्याला बँकेचं पत्रही बनावट करता येतं. मोठ्या प्रकरणांत नेमकं हेच झालं. पत्रं कंपनीतर्फे गेली आणि उत्तरं कंपनीतर्फेच आली. थेट आलेल्या उत्तरातला आकडा कंपनीच्या कागदाशी जुळत नव्हता, तरीही पाठपुरावा झाला नाही, असंही आढळलं आहे.

म्हणजे तपासणीचा नियम पुस्तकात होताच. मग तो पाळला का गेला नाही? सुशासनाच्या सुधारणा इथून सुरू होतात. लेखापरीक्षकाला कागदोपत्री भागधारक नेमतात, पण त्याची निवड, फी आणि पुढची नेमणूक प्रत्यक्षात व्यवस्थापनच ठरवत असे. त्याच कंपनीला तो सल्लासेवाही विकत असे आणि कधीकधी ती कमाई लेखापरीक्षणाच्या फीहून मोठी असे. अशा माणसाने वित्त प्रमुखाला ‘तुमच्या पत्रावर माझा विश्वास नाही, मी बँकेला स्वतः विचारतो’ असं सांगणं कठीण असतं. वर्षानुवर्षांच्या ओळखीमुळे ते अधिकच कठीण होतं.

अमेरिकेचा 2002 चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा या नात्यावरच घाव घालतो. सूचिबद्ध कंपनीचा लेखापरीक्षक नेमणं, त्याची फी ठरवणं आणि त्याच्यावर देखरेख ठेवणं ही कामं व्यवस्थापनाकडून काढून संपूर्णपणे स्वतंत्र संचालकांच्या लेखापरीक्षा समितीला दिली. ज्या कंपनीचं लेखापरीक्षण करायचं, तिला बहुतेक सल्लासेवा विकायला बंदी आली. प्रमुख भागीदार पाच वर्षांनी बदलणं सक्तीचं झालं. तोवर लेखापरीक्षण संस्था एकमेकींचंच काम तपासत. त्याऐवजी त्यांची तपासणी करणारं स्वतंत्र मंडळ उभं राहिलं. मुख्य कार्यकारी आणि वित्त प्रमुख यांना हिशेबाच्या खरेपणावर स्वतः सही करावी लागू लागली आणि जाणूनबुजून खोटी सही केल्यास 20 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ‘मला खालच्यांनी सांगितलंच नाही’ हा बचाव त्यामुळे दुबळा झाला.

याच कायद्यातलं कलम 404 अंतर्गत नियंत्रणाबद्दल आहे. आपल्या 30 कोटींना लावलं तर त्याचा अर्थ असा: बिल करणारा, वसुलीची नोंद घालणारा आणि बँक जुळवणी करणारा ही तीन वेगळी माणसं हवीत आणि जुळवणी करणाऱ्याला बँकेचा उतारा थेट मिळायला हवा. ही व्यवस्था चालते का, हे व्यवस्थापनाने तपासून जाहीर करायचं आणि मोठ्या कंपन्यांत लेखापरीक्षकाने त्यावर मत द्यायचं. तिची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. हे नियंत्रण खालच्या माणसाला रोखतं, पण सर्वात वरचा माणूस तिघांनाही एकच हुकूम देऊ शकत असेल, तर तिघं वेगळे असून उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट टिपणांत सहसा नसते. अमेरिकेत बहुतेक मोठ्या कंपन्यांची मालकी विखुरलेली असते, म्हणून तिथला प्रश्न पगारी व्यवस्थापकाला आवरण्याचा आहे. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत प्रवर्तक कुटुंबाचा वाटा मोठा असतो आणि संचालकही त्यांच्याच मतांनी निवडून येतात. मग स्वतंत्र संचालक तरी कोणापासून स्वतंत्र, हा प्रश्न उरतोच. म्हणून कंपनी कायदा 2013 मध्ये समिती आणि स्वतंत्र संचालकांच्या पुढे जावं लागलं. कलम 139 नुसार सूचिबद्ध कंपनीत केवळ भागीदार नाही, तर पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींनंतर संपूर्ण लेखापरीक्षण संस्थाच बदलावी लागते. कलम 143 ने घोटाळ्याचा संशय आल्यास तो कळवण्याची जबाबदारी लेखापरीक्षकावर टाकली. कलम 132 ने लेखापरीक्षकांवर देखरेख करणाऱ्या वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद केली. ते प्रत्यक्षात यायला मात्र 2018 उजाडलं. हा उशीर मला आजही खटकतो.

संस्था बदलण्याच्या नियमामागचा तर्क आपल्या उदाहरणात सहज दिसतो. नवा लेखापरीक्षक 30 कोटींची सुरुवातीची शिल्लक कोणाच्या शब्दावर घेणार नाही. त्याने ती स्वतः तपासली की खेळ उघडा पडतो. उलट, नवा माणूस पहिल्या वर्षी व्यवसाय सर्वात कमी ओळखतो हेही खरं आहे. माझं मत तरीही बदलाच्याच बाजूने आहे, कारण आपल्यानंतर दुसरा येणार हे ठाऊक असलेला लेखापरीक्षक आधीच्या वर्षांतही अधिक सावध राहतो.

खोटी रोकड कायम सांभाळणं अशक्य असल्यामुळे घोटाळेबाज ती एक दिवस ‘खर्च’ करतात. प्रवर्तकांचीच दुसरी कंपनी किंवा जमीन 30 कोटींना घेतल्याचं दाखवलं जातं. प्रत्यक्षात पैसे कुठेच जात नाहीत, फक्त ताळेबंदातलं भोक रोकडीतून मालमत्तेत सरकतं. संबंधित पक्षांच्या व्यवहारांचे नियम अशाच वेळी कामाला येतात. कलम 188 नुसार जो व्यवहार भागधारकांपुढे न्यावा लागतो, त्याच्या ठरावावर हितसंबंध असलेल्या भागधारकाला मत देता येत नाही.

वार्षिक अहवाल हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याने दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला, बँकेतील शिल्लक आणि तिच्यावर मिळालेलं व्याज. सहा टक्क्यांनी 30 कोटींवर वर्षाला 1 कोटी 80 लाख यायला हवेत. व्याज 20 लाखच असेल, तर पैसा चालू खात्यात पडून होता की वर्षअखेरीलाच दिसत होता, हे विचारायला हवं. दुसरा, कर्ज. ज्या कंपनीकडे पडून असलेली रोकड आहे, तीच चढ्या व्याजाने कर्ज काढत असेल तर त्याला सबळ कारण हवं. ही दोन्ही लक्षणं निर्दोष कंपनीतही सापडतात. ती संशयाला जागा देतात, पुरावा मात्र बँकेच्या थेट उत्तरातूनच मिळतो.

म्हणूनच असेल, समित्या, सह्या आणि शिक्षा यांचे नियम होऊन दोन दशकं उलटल्यावर अमेरिकेचं तेच देखरेख मंडळ 2023 मध्ये पुन्हा त्या पत्राकडे वळलं. बाहेरून पुष्टी मिळवण्याचं जुनं मानक त्याने नव्याने लिहिलं. त्यानुसार लेखापरीक्षकाने रोकडीची पुष्टी तरी मागवायची, नाहीतर ती माहिती ज्या बाहेरच्या संस्थेकडे आहे तिच्या नोंदी स्वतः थेट पाहायच्या. पत्र पाठवणं आणि उत्तर स्वीकारणं ही कामं त्याला कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षकावरही सोपवता येत नाहीत.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक