उधारीची वही एक्सेलमध्ये उतरविणाऱ्या वर्गासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागील खोलीत रात्री आठनंतर, म्हणजे मोंढ्यातील दुकाने बंद झाल्यावर, प्रौढांसाठी व छोट्या दुकानदारांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. या वर्गाला ठरावीक अभ्यासक्रम नाही. येणारा प्रत्येकजण आपली उधारीची वही सोबत आणतो आणि तीच एक्सेलमध्ये उतरवीत शिकतो. आपल्याकडे बरीचशी उधारी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावरच फिटत असल्याने ही खाती महिनोन्‌महिने उघडी राहतात, आणि बेरजेतील चूकही तितकेच दिवस दडून राहते.

एका किराणा दुकानदार काकांनी चाळीस नोंदी दोन संध्याकाळी बसून भरल्या व खाली पुढील सूत्र लिहिले.

```
=SUM(C2:C41)
```

वहीतील बेरीज १२,६४० रुपये होती, पडद्यावर मात्र ११,८३० आली. काका म्हणाले, "मशीनच चुकतंय." वास्तविक, वहीच्या सवयीने त्यांनी तीन रकमा `450/-`, `200/-` आणि `160/-` अशा लिहिल्या होत्या. शेवटी `/-` आले की एक्सेल त्या रकमेला आकडा न मानता मजकूर मानते, आणि SUM असा मजकूर बेरजेत धरत नाही. नेमके ८१० रुपये त्यामुळेच गळाले. आकडे आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला लागतात व मजकूर डाव्या, एवढे दाखविल्यावर त्या तिन्ही रकमा काकांनी स्वतःच बोट ठेवून शोधल्या. नावांचेही तसेच आहे: "शिंदे मामा" आणि "शिंदेमामा" ही एक्सेलच्या लेखी दोन माणसे ठरतात, म्हणून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला खाते क्रमांक द्यायला सांगतो. ब रकान्यात, म्हणजे B मध्ये, तो क्रमांक असला की सात क्रमांकाच्या खात्याची एकूण उधारी अशी निघते:

```
=SUMIF(B2:B41,7,C2:C41)
```

अशी चूक स्वतः शोधायला कोणाला दहा मिनिटे लागतात, तर कोणाला दोन दिवस. माऊस धरताना हात थरथरणाऱ्यांना त्याहूनही अधिक. घाई न करता शिकवायचे, तर प्रत्येकासमोर स्वतंत्र संगणक हवा. सध्या चार संगणकांवर अकरा जण बसतात, आणि शेजारचा भरभर टंकलेखन करू लागला की मागे पडलेला माणूस संकोचून यायचा थांबतो, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून वापरात नसलेले परंतु चालू स्थितीतील संगणक आपण द्यावेत, ही विनंती. उजव्या बाजूला आकड्यांचा स्वतंत्र संच असलेले कीबोर्ड विशेष उपयोगी पडतील, कारण रकमा भरणाऱ्याचा हात बहुतेक वेळ तिथेच असतो. जुन्या संगणकात एक्सेल नसले तरी हरकत नाही. लिब्रेऑफिस कॅल्क विनामूल्य मिळते आणि वरील दोन्ही सूत्रे त्यातही चालतात. वीज जाताच न जतन केलेल्या नोंदी नाहीशा होतात, त्यामुळे दोन यूपीएसचीही गरज आहे.

ज्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शेजारी बसून शिकविणे शक्य आहे, त्यांनीही अवश्य यावे. अट एकच, शिकणाऱ्याच्या हातातील माऊस आपण घ्यायचा नाही. वस्तू व रोख देणगी वाचनालयाच्या वेळेत ग्रंथपालांकडे स्वीकारली जाईल आणि रीतसर पावती दिली जाईल. संगणक देण्यापूर्वी त्यातील आपली खासगी माहिती कृपया काढून घ्यावी.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय